काउंटरवरचा ३,१८३ चा दर: ओटीएचं कमिशन, रेट पॅरिटी आणि थेट बुकिंगचा हिशेब

जानेवारीतला मंगळवार होता, दुपारचे दोन वाजले होते. तारकर्लीत माझ्या मावसभावाने नुकतंच दहा खोल्यांचं हॉटेल सुरू केलं होतं आणि त्या दिवशी मी त्याच्या काउंटरवर बसलो होतो. कोल्हापूरहून एक कुटुंब आलं. बुकिंग नव्हतं, पाटी बघून गाडी आत घेतली होती. गृहस्थांनी एसी डबल रूमचा दर विचारला. भावाने वेबसाइटवरचाच दर सांगितला, ३,९३० रुपये, नाश्त्यासकट. गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि स्क्रीन आमच्यासमोर धरली. तीच खोली, तीच तारीख, तोच नाश्ता आणि दर ३,१८३.

भावाचा चेहरा पडला. "हे लोक परस्पर दर पाडतात," तो मला म्हणाला. ते कुटुंब लॉबीतल्या सोफ्यावर बसलं, तिथूनच ॲपवर बुकिंग केलं आणि पाच मिनिटांनी व्हाउचर दाखवून चावी घेतली. त्या खोलीचे भावाच्या पदरात पडले २,४३२ रुपये. समोर उभा असलेला गिऱ्हाईक आणि हातात असलेली खोली यांच्यामध्ये साडेसातशे रुपये निघून गेले.

संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो. दर कोणी पाडला होता ते अर्ध्या तासात कळलं. भावाने स्वतःच पाडला होता, आणि पाडलाय हे त्याला माहीतच नव्हतं. ते कसं झालं ते पुढे येईलच. तुम्ही नवं हॉटेल काढलं असेल आणि ओटीएवर, म्हणजे ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सीवर, नुकतीच नोंदणी केली असेल, तर आम्ही त्या रात्री जो हिशेब मांडला तो तुम्ही पहिल्याच आठवड्यात मांडा.

पायरी १: कमिशनचा खरा आकडा काढा

करारावर २० टक्के लिहिलंय म्हणून ओटीए २० टक्केच घेते असं समजू नका. कमिशन ही ओटीएने तुम्हाला दिलेली सेवा आहे आणि त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. वीस टक्क्यांवर अठरा टक्के म्हणजे आणखी ३.६. एकूण कपात २३.६ टक्के.

जुने हॉटेलवाले तुम्हाला सांगतील, "तो जीएसटी परत मिळतो, त्याचं काय एवढं." त्यांच्या काळात ते खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकासाठी हे चांगलंच झालं. पण हा ५ टक्क्यांचा दर इनपुट टॅक्स क्रेडिटशिवायचा आहे. म्हणजे तुम्ही कमिशनवर भरलेला १८ टक्के कर आता कशातूनही वळता होत नाही, तो सरळ तुमचा खर्च झाला. कोकणातली बहुतेक हॉटेलं याच गटात मोडतात. तुमच्या काही खोल्या साडेसात हजारांच्या वर जात असतील तर त्यांचं गणित वेगळं पडतं, ते सीएबरोबर बसून करा.

कपातीच्या यादीत आणखी दोन छोटे आकडे दिसतील: जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का. हे खर्चात धरू नका. टीसीएस जीएसटी पोर्टलवर तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होतो आणि टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतो. मात्र टीसीएस आपोआप येत नाही, पोर्टलवर जाऊन तो स्वीकारावा लागतो. भावाचे तीन महिन्यांचे पैसे असेच पडून होते.

त्यानंतर हे तपासा की कमिशन कशावर मोजलंय, खोलीच्या दरावर की करासकट रकमेवर. ओटीएच्या एक्स्ट्रानेटवर, म्हणजे तुमच्या लॉगिनच्या पानावर, झालेलं कुठलंही एक बुकिंग उघडा आणि कॅल्क्युलेटर घेऊन उलटा हिशेब करा. करारातली भाषा वाचण्यापेक्षा एका बुकिंगचं स्टेटमेंट लवकर सांगतं. "प्रेफर्ड" म्हणून वर दाखवण्यासाठी किंवा जाहिरातीसाठी जादा टक्के मान्य केले असतील तर तेही इथेच सापडतील. नोंदणी करताना फोनवर "हो, हो" म्हणत मान्य केलेलं बरंच काही इथे सापडतं.

पायरी २: दर काढताना भागाकार करा

भावाला एका खोलीचे, नाश्त्यासकट आणि कर सोडून, हातात ३,००० रुपये हवे होते. कमिशन २० टक्के, म्हणून त्याने तीन हजारांत २० टक्के मिळवले आणि ओटीएवर ३,६०० चा दर टाकला. पहिले दोन महिने हाच दर चालला. नव्वद टक्के नवे मालक हीच चूक करतात असं मला वाटतं, कारण मन साहजिकच बेरजेकडे धावतं.

पण कमिशन तीन हजारांवर नाही, ३,६०० वर कापलं जातं. ३,६०० चे २० टक्के ७२०, त्यावर जीएसटी १२९.६०. हातात उरले २,७५०. प्रत्येक खोलीमागे दर रात्री अडीचशे रुपये कमी. महिन्याला ओटीएकडून १२० खोल्या गेल्या तर हे तीस हजार होतात. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या दोन मदतनीस बायकांचा पगार त्यातून निघतो.

बरोबर रीत अशी आहे. शंभरातून एकूण कपात वजा करा: १०० वजा २३.६ म्हणजे ७६.४. मग हवी ती रक्कम ०.७६४ ने भागा.

३,००० ÷ ०.७६४ = ३,९२७, म्हणजे सोयीचा आकडा ३,९३०.

हा झाला ओटीएवरचा दर. गिऱ्हाईक त्यावर ५ टक्के जीएसटी भरेल, म्हणजे साधारण ४,१२७ देईल. कमिशन ७८६, त्यावरचा कर १४१ जाऊन तुमच्या वाट्याला ३,००२ येतील. टीसीएस-टीडीएसचे मिळून २४ रुपये त्यातून तात्पुरते अडकतात, ते नंतर मिळतात.

इथे थोडं थांबा आणि ३,००० व ३,९३० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. मधले ९३० रुपये ओटीएने तुम्हाला गिऱ्हाईक आणून देण्याची किंमत आहेत. पुढचं सगळं या ९३० रुपयांभोवती फिरतं.

पायरी ३: थेट येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ९३० का लागतात ते समजून घ्या

जो माणूस थेट तुमच्या वेबसाइटवर आला, त्याच्यासाठी कोणाला कमिशन द्यायचं नाही. मग त्याला ३,००० किंवा ३,१०० ला खोली का मिळू नये? आडवी येते ती रेट पॅरिटी, म्हणजे दर-समानतेची अट.

ही अट सांगते की जो दर तुम्ही आमच्याकडे देता, त्याहून कमी दर दुसरीकडे उघडपणे दाखवायचा नाही. तिचे दोन प्रकार आहेत. रुंद अटीत "दुसरीकडे" म्हणजे सगळीकडे: इतर ओटीए आणि तुमची स्वतःची वेबसाइटही. अरुंद अटीत फक्त तुमची वेबसाइट आणि उघड जाहिरात. दुसऱ्या ओटीएला तुम्ही काय दर देता यात ती पडत नाही. दरासारखीच खोल्यांचीही समानता मागणारी कलमं असतात: आमच्याकडे "फुल" आणि तुमच्या साइटवर दोन खोल्या शिल्लक, असं चालणार नाही.

परिणाम बघा. ओटीएवर ३,९३० ठेवावेच लागतात, नाहीतर तीन हजार हातात येत नाहीत. आणि ओटीएवर ३,९३० आहेत म्हणून वेबसाइटवरही ३,९३०. म्हणजे कमिशन ओटीएच्या बुकिंगवर ठरलं, पण त्याने थेट येणाऱ्याचाही दर ठरवला. त्या माणसासाठी ओटीएने काहीच केलेलं नसताना तो त्या कमिशनाएवढी रक्कम मोजतो. आणि एकाच वेळी तीन ओटीएंवर असाल तर ज्याचं कमिशन सर्वांत जास्त, त्याच्या हिशेबाने तुमचा सगळीकडचा दर वर चढतो. कमी कमिशन घेणाऱ्या ओटीएचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. मला या अटीतली ही सगळ्यात अन्यायाची बाजू वाटते.

ओटीएची बाजूही ऐकून घ्या, ती खोटी नाही. देवबाग रस्त्यावरचं दहा खोल्यांचं हॉटेल पुण्यातल्या माणसाला दाखवायला ते गूगलवर पैसे ओततात, फोटो, रिव्ह्यू, पैसे भरण्याची सोय, सगळं उभं करतात. त्याने तुमचं हॉटेल तिथे शोधावं आणि शंभर रुपये वाचवायला तुमच्या साइटवर बुकिंग करावं, तर त्यांचा खर्च फुकट जातो. अरुंद अटीमागचं हे कारण मला पटतं. रुंद अटीमागचं पटत नाही, कारण ती दुसऱ्या ओटीएला स्वस्त होऊच देत नाही.

आपल्या स्पर्धा आयोगानेही हा फरक पाहिलाय. १९ ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला आणि इतर ओटीएंच्या संदर्भात हॉटेलांवर घातलेल्या दराच्या व खोल्यांच्या समानतेच्या अटी करारातून काढायला सांगितलं. "इतर ओटीएंच्या संदर्भात" हे शब्द नीट वाचा. बरेच मालक मला सांगतात की पॅरिटी भारतात रद्द झाली. तुमच्या स्वतःच्या वेबसाइटबद्दलची अट त्या निर्देशात नाही. युरोपात पाऊल पुढे पडलंय: जर्मनीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१५ मध्ये बुकिंग डॉट कॉमची अरुंद अटही बंद केली आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्याखाली त्या कंपनीला तिथल्या हॉटेलांवरची समानतेची अट सोडावी लागली. पण तुम्ही सही केलाय तो तुमचा करार. तो छापून घ्या आणि पॅरिटीचं कलम पेन्सिलीने अधोरेखित करा.

कलम वाचताना मी चार गोष्टी शोधतो. अट वेबसाइटपुरती आहे की सगळीकडे. ती उघड दरांनाच लागते की फोनवर आणि काउंटरवर सांगितलेल्या दरांनाही. खोल्यांच्या उपलब्धतेबद्दल काय म्हटलंय. आणि अट मोडली तर ते काय करू शकतात. लेखी शिक्षा बहुधा सौम्य असते. खरी शिक्षा यादीत खाली ढकललं जाणं ही असते, आणि ती कुणी पत्र पाठवून कळवत नाही. तुमच्या पानावरची भेटींची संख्या आठ-दहा दिवसांत उतरते आणि मग ओटीएच्या मार्केट मॅनेजरचा फोन येतो, "सर, तुमच्या साइटवर रेट कमी दिसतोय."

पायरी ४: गिऱ्हाइकाला नक्की काय दिसतं ते बघा

आता त्या ३,१८३ कडे येऊ. एक्स्ट्रानेटवर तुमचा मूळ दर ३,९३० दिसतो आणि तुम्ही निर्धास्त राहता. गिऱ्हाइकाला मात्र मूळ दर कधी दिसतच नाही, त्याला सवलती वजा करून उरलेला दर दिसतो.

भावाने नोंदणीच्या वेळी "नव्या हॉटेलसाठी १० टक्के सूट" चालू केली होती. महिन्याभराने फोन आला की ॲपवर लॉगिन केलेल्या सदस्यांना १० टक्के दिले तर जास्त दिसाल. त्याने तेही चालू केलं. त्याच्या डोक्यात होतं की दोन्हीपैकी एक लागेल. दोन्ही लागल्या, एकावर एक. ३,९३० चे ९० टक्के ३,५३७. त्याचे ९० टक्के ३,१८३. हाच तो काउंटरवरचा आकडा. त्यातून २३.६ टक्के गेले आणि २,४३२ उरले. या दोन्ही सवलतींचा खर्च हॉटेलचा असतो, ओटीएचा नाही.

सगळ्या सवलती असतील असं धरून मूळ दर वाढवता येतो: ३,००० ला ०.७६४ आणि ०.८१ या दोन्हींनी भागलं तर ४,८४८ येतात. ॲपवर रेघ मारून खोडलेली जी मोठी किंमत दिसते ती बऱ्याचदा अशीच जन्माला येते. मला हा मार्ग आवडत नाही. ज्याला सवलत लागत नाही अशा माणसाला मग खोली भलतीच महाग दिसते आणि तो पुढच्या हॉटेलकडे सरकतो. आम्ही नव्या हॉटेलची सूट बंद केली, सदस्यांची ठेवली आणि मूळ दर एका सवलतीच्या हिशेबाने ४,३६० केला. सदस्याला ३,९२४ दिसतात आणि हातात तीन हजारांच्या दोन रुपये खाली येतात, ते चालतं.

पण दर दर वेळी तुमच्याच सवलतीने पडतो असं नाही. कधी ओटीए स्वतःच्या कमिशनमधून कूपन देते. कधी तुम्ही एखाद्या टूरवाल्याला ग्रुपसाठी दिलेला नेट दर, म्हणजे कमिशन न धरता दिलेला कमी दर, त्याच्याकडून पुढे सरकत सरकत भलत्याच ॲपवर जाऊन बसतो. कोणतं कारण आहे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे तुमच्याकडे आलेलं व्हाउचर. गिऱ्हाइकाने ३,०२४ भरले आणि तुमच्या व्हाउचरवर विक्रीचा दर ३,१८३ असेल, तर मधले १५९ ओटीएने सोसले. तुमचं नुकसान नाही, पण तुमची वेबसाइट महाग दिसली. व्हाउचरवरच दर कमी असेल तर तुमची सवलत तपासा. आणि बुकिंग अशा कंपनीच्या नावाने आलं जिच्याशी तुमचा करारच नाही, तर नेट दर कुठून तरी गळालाय. तशा वेळी स्वतः एक खोली त्या ॲपवर बुक करून बघा. व्हाउचर कोणाकडून आलं ते कळलं की गळती सापडते. मग त्या टूरवाल्याला नेट दर पॅकेजपुरताच वापरायला लेखी सांगा.

तपासणी दर सोमवारी करा, दहा मिनिटं लागतात. मोबाइलवर खाजगी विंडो उघडा, गूगलवर हॉटेलचं नाव टाका आणि दरांची जी यादी येते ती बघा. एक मधल्या वारची तारीख घ्या, एक शनिवारची. मग घरातल्या कुणाच्या तरी फोनवर लॉगिन करून तेच बघा. तुलना करताना खोलीचा प्रकार, माणसं, रद्द करण्याची अट आणि जेवणाचा प्लॅन एकच हवा. एकीकडे सीपी म्हणजे नाश्त्यासकट आणि दुसरीकडे ईपी म्हणजे नुसती खोली असेल तर तो फरक पॅरिटीचा नाहीच.

पायरी ५: थेट येणाऱ्याला त्या ९३० मधला वाटा द्या, पण करारात राहून

पॅरिटी "तीच खोली, तीच तारीख, त्याच अटी" यांना बांधलेली असते आणि बहुधा उघड दिसणाऱ्या दराला. तुमची मोकळी जागा याच शब्दांत आहे.

पहिली जागा आहे फोन आणि काउंटर. तुमचा करार उघड दरांपुरताच असेल, तर कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना भाऊ ३,४५० सांगू शकला असता. काउंटरवर बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेतले तर त्यातून काही कापलं जात नाही. त्यांचे ॲपवरच्या नेहमीच्या दरापेक्षा जवळपास पाचशे वाचले असते आणि भावाला ठरवलेल्यापेक्षा साडेचारशे जास्त मिळाले असते. आता रिसेप्शनवरच्या मुलाला सांगून ठेवलंय: कुणी थेट विचारलं तर आधी थेट दर सांगायचा, वेबसाइटचा नाही. आणि दर सांगताना त्यात काय काय आहे ते एका दमात सांगायचं, कारण गिऱ्हाईक मनात ॲपच्या आकड्याशी तुलना करतच असतं.

दुसरी जागा आहे आधी राहून गेलेली माणसं. त्यांना व्हॉट्सॲपवर वैयक्तिक पाठवलेला दर हा बंद गटाचा दर असतो. ओटीएवरून आलेल्या बुकिंगमध्ये फोन नंबर, ईमेल बऱ्याचदा झाकलेला असतो, म्हणून चेक-इनच्या वेळी विचारून, त्यांची परवानगी घेऊन नंबर नोंदवा. आम्ही चेक-आउटला हाताने लिहिलेलं एक कार्ड देतो: पुढच्या वेळी या नंबरवर फोन करा, तुमच्यासाठी खोलीचा दर वेगळा.

तिसरी जागा म्हणजे वेबसाइटवर वेगळीच वस्तू विकणं. ओटीएवर फक्त खोली आणि नाश्ता आहे. तुमच्या साइटवर खोली, नाश्ता, रात्री सुरमईची थाळी आणि कुडाळ स्टेशनवरून गाडी असं दोन रात्रींचं पॅकेज ठेवा. ते ओटीएवर नाहीच, मग तुलना कशाशी करणार? त्यात एक गोष्ट सांभाळा. देणगी अशी निवडा की गिऱ्हाइकाला तिची किंमत जास्त वाटेल आणि तुम्हाला ती कमी पडेल. आमच्या स्वयंपाकघरातली थाळी बाहेरच्या हॉटेलात चारशेला मिळते, आम्हाला ती त्याच्या निम्म्याच्या आत पडते. दुपारी दोनपर्यंत खोली ठेवू देण्याला तर मधल्या वारी काहीच लागत नाही, आणि मुलं समुद्रावरून वाळूने माखून येतात तेव्हा आईवडिलांना त्याच्याइतकं मोलाचं काही वाटत नाही.

थेट बुकिंगही फुकट नाही, हे विसरू नका. वेबसाइटवर पेमेंट गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, बुकिंग इंजिनचं भाडं असतं, आणि फोन उचलायला माणूस लागतो. रात्री साडेनऊला कोणी फोन केला आणि उचलला नाही, तर तो माणूस पुढच्या मिनिटाला ॲपवर असतो. वेबसाइटवर "चौकशी पाठवा" असं बटण ठेवून दुसऱ्या दिवशी उत्तर देणार असाल तर थेट बुकिंगचा विचार सोडून द्या.

एक गोष्ट मात्र करू नका. ओटीएवर बुकिंग झालेल्या पाहुण्याला फोन करून "तिकडचं रद्द करा, मी स्वस्तात देतो" असं म्हणणारे मालक आमच्या पट्ट्यात आहेत. ओटीएने आणलेलं गिऱ्हाईक आहे, त्यावेळचं कमिशन त्यांच्या हक्काचं आहे, आणि रद्द होणाऱ्या बुकिंगचा आकडा वाढला की खातं बंद होऊ शकतं. पाहुण्यालाही वाटतं की इथे काहीतरी गडबड आहे. तुमचा हक्क त्याच्या पुढच्या मुक्कामावर आहे.

पायरी ६: हंगामाप्रमाणे खोल्या वाटा

दरावर हात बांधलेले असले तरी किती खोल्या ओटीएला द्यायच्या यावर बऱ्याच करारांत तुमचा हात मोकळा असतो. खोल्यांच्या समानतेचं कलम तपासलं असेल तर तो किती मोकळा आहे हे तुम्हाला कळलेलं असेल. मला स्वतःला दरापेक्षा हेच हत्यार जास्त उपयोगी पडलंय.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी मालवण-तारकर्लीत खोली मिळत नाही. त्या आठवड्यात ओटीएला २३.६ टक्के देऊन गिऱ्हाईक मागवायचं कारण नाही, ते दारात उभं असतं. भावाने नंतरच्या वर्षी दहापैकी तीन खोल्या ओटीएवर ठेवल्या आणि सात थेट विकल्या, बहुतेक कार्डवरचा नंबर असलेल्यांना. तीन का ठेवल्या? पूर्ण बंद केलं तर यादीतली जागा घसरते आणि जानेवारीत ती परत मिळवायला वेळ लागतो. "स्टॉप सेल", म्हणजे विक्री बंदची खूण, टाकायचाच असेल तर सगळ्या ओटीएंवर एकाच वेळी टाका. चॅनेल मॅनेजर, म्हणजे सगळ्या ओटीएंवरच्या खोल्या एकाच जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, वापरत नसाल आणि एकीकडे विसरलात, तर एकतीस डिसेंबरला एका खोलीवर दोन कुटुंबं उभी राहतील.

पावसाळ्यात हिशेब उलटा होतो. जुलैत वॉटर स्पोर्ट्स बंद, समुद्र खवळलेला, दहापैकी आठ खोल्या रिकाम्या. तेव्हा तीन हजारांचा आग्रह धरून बसू नका. रिकाम्या खोलीत पाहुणा आल्यावर जो जादा खर्च होतो तोच तेव्हा तुमचा तळ: धुलाई, साबण, वीज, दोघांचा नाश्ता. आमच्याकडे तो साधारण ७०० येतो. पगार आणि कर्जाचा हप्ता खोली रिकामी राहिली तरी जाणारच आहेत. म्हणून ज्या २,४३२ मुळे जानेवारीत भावाचा चेहरा पडला होता, तेच २,४३२ जुलैत आनंदाने घ्यावेत. पावसाळ्यात आम्ही दोन्ही सवलती मुद्दाम चालू करतो, शेवटची तारीख टाकून. ती तारीख टाकायला विसरलात की तीच सूट दिवाळीत लागते.

महिनाअखेरीला एका वहीत ओटीएचं आणि थेट बुकिंगचं उत्पन्न वेगळं लिहा, कपाती जाऊन हातात आलेलं, प्रति खोली. त्याच वेळी कमिशनचं बिल बुकिंगच्या यादीशी टिचकी मारत जुळवा. जो पाहुणा आलाच नाही आणि ज्याने काही भरलंही नाही, त्याची "नो शो" नोंद ठरलेल्या मुदतीत केली नाही तर त्याचंही कमिशन बिलात येतं. फेब्रुवारीच्या बिलात आम्हाला अशा चार नोंदी सापडल्या. दोन मुदतीत होत्या, त्यांचे पैसे ओटीएने वळते केले, दोनांची मुदत गेली होती. आता रिसेप्शनवरचा मुलगा रोज सकाळी अकराला, नाश्ता आवरला की, आदल्या रात्रीची यादी उघडतो आणि न आलेल्यांची नोंद करून मगच आंघोळीला जातो.